क्रियापदाचा रोख: टागालोगमधली एक खरेदी आणि तिची इंग्रजी रूपे

एका बाईने दुकानातून मुलासाठी तांदूळ घेतला आणि त्याचे पैसे दिले. प्रसंग एवढाच आहे. मराठीत तो सांगताना क्रियापदाची फार काळजी करावी लागत नाही. बाई, दुकान, मूल आणि पैसे यांना ‘ने’, ‘तून’, ‘साठी’ असे प्रत्यय जोडले की कोणी काय केले ते कळते. क्रियापद ‘घेतला’ हेच राहते. फिलिपीन्समधल्या टागालोग भाषेत मात्र वाक्याचा पहिला शब्द उच्चारतानाच बोलणाऱ्याला एक निर्णय घ्यावा लागतो. हे वाक्य बाईच्या बाजूने सांगायचे, की तांदळाच्या, दुकानाच्या, मुलाच्या किंवा पैशांच्या? निर्णय बदलला की क्रियापदाचे रूप बदलते. ‘विकत घेणे’ या अर्थाचा धातू आहे ‘बिली’. त्यापासून बुमिली, बिनिली, बिनिल्हान, इबिनिली आणि इपिनाम्बिली अशी पाच रूपे होतात. पाचही रूपांत खरेदी होऊन गेलेली आहे, आणि खरेदी करणारी बाई तीच आहे.

या व्यवस्थेला भाषाशास्त्राच्या पुस्तकांत ‘व्हर्ब फोकस’ म्हणतात. फिलिपीन्सच्या शाळांत ती ‘पोकुस नाङ पांदिवा’ या नावाने शिकवली जाते. मराठीत तिला ‘क्रियापदाचा रोख’ म्हणायला हरकत नाही. हा विषय बहुतेक अभ्यासकांना इंग्रजीतून भेटतो. टागालोग वाक्य, त्याखाली इंग्रजी भाषांतर, आणि त्या दोहोंतून काढलेला नियम, अशी शिकवण्याची पद्धत आहे. अडचण इंग्रजी ओळीतच आहे. एकाच व्यवस्थेतल्या पाच रूपांसाठी इंग्रजी दरवेळी वेगळी युक्ती वापरते, आणि कधी काहीच करत नाही. त्यामुळे फक्त भाषांतरावर विसंबणाऱ्याला टागालोगमध्ये पाच वेगवेगळे नियम दिसतात, किंवा नियम आहे हेच दिसत नाही. ही प्रस्तावना त्या पाच वाक्यांची आणि त्यांच्या इंग्रजी रूपांची आहे.

वाक्ये पाहण्याआधी तीन लहान शब्द ओळखून घ्यावेत: आङ, नाङ आणि सा. ते नामाच्या आधी येतात. ज्याच्याकडे क्रियापदाचा रोख आहे त्या नामाआधी ‘आङ’ लागतो. रोखाबाहेर राहिलेला करणारा आणि रोखाबाहेर राहिलेली वस्तू या दोघांनाही ‘नाङ’ लागतो. स्थळ, दिशा आणि ज्याला काही दिले तो यांना ‘सा’ लागतो. टागालोग वाक्य साधारणपणे क्रियापदाने सुरू होते. शब्दांपैकी बाबाए म्हणजे बाई, बिगास म्हणजे तांदूळ, तिंदाहान म्हणजे दुकान, बाता म्हणजे मूल आणि पेरा म्हणजे पैसे.

पहिले वाक्य असे: बुमिली आङ बाबाए नाङ बिगास सा तिंदाहान. येथे ‘आङ’ बाईच्या आधी आहे. धातूच्या पहिल्या व्यंजनानंतर ‘उम’ घुसवला आहे, म्हणजे ब, मग उम, मग इली. हा मध्यप्रत्यय सांगतो की रोख करणाऱ्याकडे आहे. इंग्रजीत हे वाक्य ‘द वूमन बॉट राइस अॅट द स्टोअर’ असे होते. ‘राइस’च्या आधी ‘द’ नाही, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे वाक्य: बिनिली नाङ बाबाए आङ बिगास सा तिंदाहान. आता ‘आङ’ तांदळाकडे गेला, बाईला ‘नाङ’ मिळाला आणि धातूत ‘उम’ऐवजी ‘इन’ आला. इंग्रजीत: ‘द वूमन बॉट द राइस अॅट द स्टोअर’. टागालोगमध्ये क्रियापद बदलले आणि दोन नामांची चिन्हे बदलली. इंग्रजीत या सगळ्याचा हिशोब एका ‘द’मध्ये उरकला.

हा ‘द’ नीट समजला तर अर्धा विषय समजला. करणाऱ्याकडे रोख असलेल्या साध्या वाक्यात ‘नाङ’ लागलेली वस्तू सहसा अनिश्चित असते. ‘बुमिली’ वापरले की तांदूळ म्हणजे कुठलातरी, थोडासा, बोलण्यात आधी न आलेला तांदूळ. ज्याबद्दल ऐकणाऱ्याला आधीच माहीत आहे असा विशिष्ट तांदूळ घेतला असेल, तर टागालोग बोलणारा ‘बिनिली’कडे वळतो. ही त्याच्या आवडीनिवडीची बाब नसते. नवशिक्या माणूस ‘मी तो मासा खाल्ला’ असे सांगायला ‘कुमाइन आको नाङ इस्दा’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला कळते की याने मासे खाल्ले, म्हणजे जेवणात मासे होते. त्याला म्हणायचे असते ‘किनाइन को आङ इस्दा’. व्याकरण चुकलेले नसते, पण सांगितलेली गोष्ट वेगळी असते. म्हणून ही चूक ऐकणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही आणि बोलणाऱ्याच्या तर येतच नाही.

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे इंग्रजीच्या ‘द’शी झगडणाऱ्या मराठी माणसाला वाटेल की आपल्याकडे असे काही नाही. पण आहे. ‘त्यांनी मुलगी पाहिली’ आणि ‘त्यांनी मुलीला पाहिले’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात एखादे स्थळ पाहिले, दुसऱ्यात ठाऊक असलेली एक विशिष्ट मुलगी नजरेस पडली. मराठी हा फरक कर्माला ‘ला’ लावून दाखवते, इंग्रजी आर्टिकलने दाखवते आणि टागालोग क्रियापदाचा रोख फिरवून. फरक एकच आहे, पण तीन भाषांनी त्याचे ओझे वाक्यातल्या तीन वेगवेगळ्या शब्दांवर टाकले आहे.

तिसरे वाक्य: बिनिल्हान नाङ बाबाए नाङ बिगास आङ तिंदाहान. ‘इन’ आहेच, शिवाय शेवटी ‘आन’ लागला आणि मधला स्वर गळाला. रोख दुकानाकडे गेला. इंग्रजीत: ‘द वूमन बॉट राइस फ्रॉम द स्टोअर’. हे भाषांतर पहिल्या वाक्याच्या भाषांतराजवळ ठेवले तर फरक जवळजवळ दिसत नाही. इंग्रजीने येथे हात टेकले आहेत. पण दुकानाऐवजी ‘आङ बाता’ म्हटले, म्हणजे मूल रोखात आणले, तर आजच्या मनिलाच्या बोलीत हेच ‘बिनिल्हान’ ‘मुलासाठी घेतला’ असा अर्थ देते. दुकानासाठी कोणी तांदूळ घेत नाही आणि मूल तांदूळ विकत नाही, म्हणून गोंधळ होत नाही. ‘आन’ एवढेच सांगतो की रोख खरेदीच्या एका टोकाकडे आहे. ते टोक कोणते, हे नाम ठरवते.

चौथे वाक्य: इबिनिली नाङ बाबाए नाङ बिगास आङ बाता. येथे पुढे ‘इ’ लागला आणि रोख निःसंदिग्धपणे मुलाकडे आला. इंग्रजीत: ‘द वूमन बॉट द चाइल्ड सम राइस’. इंग्रजीने मुलाला क्रियापदाच्या लगेच मागे आणून बसवले. ही इंग्रजीची स्वतःची सोय आहे, आणि येथे ती टागालोगच्या बरीच जवळ जाते.

पाचवे वाक्य सर्वांत मजेदार आहे: इपिनाम्बिली नाङ बाबाए नाङ बिगास आङ पेरा. ‘पाम्बिली’ म्हणजे विकत घेण्याचे साधन. त्याआधी ‘इ’ आणि आत ‘इन’. रोख पैशांकडे. इंग्रजीत याचे सरळ भाषांतर होत नाही. ते असे करावे लागते: ‘द वूमन यूज्ड द मनी टू बाय राइस’. टागालोगमध्ये क्रियापदाच्या एका रूपाने झालेल्या कामासाठी इंग्रजीने ‘यूज’ हे नवे क्रियापद आणले आणि मूळ क्रियापद मागे ढकलले. मराठीही असेच करते: ‘त्या पैशांचा तिने तांदूळ घेतला’, किंवा ‘ते पैसे तिने तांदूळ घ्यायला वापरले’.

म्हणजे इंग्रजीने क्रमाने काय केले? एकदा आर्टिकल बदलले, एकदा शब्दयोगी अव्यय बदलले, एकदा शब्दांचा क्रम बदलला आणि एकदा क्रियापदच बदलले. टागालोगने चारही वेळा एकच गोष्ट केली. रोख कोणाकडे हे क्रियापदात लिहिले आणि त्या नामाआधी ‘आङ’ ठेवला.

आता त्या भाषांतराकडे वळू, ज्याने या विषयात सर्वांत जास्त गैरसमज पेरला. अनेक पाठ्यपुस्तकांत दुसऱ्या वाक्याखाली ‘द राइस वॉज बॉट बाय द वूमन’ असे छापलेले असते. कारण उघड आहे. तांदूळ रोखात आला, बाई बाजूला झाली, आणि इंग्रजीत अशा वेळी पॅसिव्ह व्हॉइस वापरतात, असे लिहिणाऱ्याला वाटते. ही वाट जुनी आहे. स्पॅनिश धर्मगुरू फ्रान्सिस्को ब्लांकास दे सान होसे यांचे टागालोग व्याकरण 1610 साली बाताआनमध्ये छापले गेले. ते छापणारा तोमास पिनपिन हा टागालोग मुद्रक होता, आणि त्याच वर्षी त्याने टागालोग लोकांना स्पॅनिश शिकवणारे स्वतःचे पुस्तकही काढले. धर्मगुरूंच्या लॅटिन वळणाच्या व्याकरणपरंपरेत करणाऱ्याचे रूप ते ‘अॅक्टिव्ह’ आणि बाकीची ती ‘पॅसिव्ह’ अशी मांडणी रुजली. तीनशे वर्षांनंतर, 1917 साली, लेनर्ड ब्लूमफिल्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या आल्फ्रेदो विओला सान्तियागो या फिलिपिनो विद्यार्थ्याकडून गोष्टी ऐकून, त्या नोंदवून, टागालोगचे अतिशय बारकाईचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातही एक अॅक्टिव्ह आणि अनेक पॅसिव्ह हीच नावे आहेत. वर्णन अप्रतिम, नावे जुनीच.

मराठी वाचकाला ही नावे का अडचणीची आहेत हे समजायला दूर जावे लागत नाही. ‘बाईने तांदूळ घेतला’ हे वाक्य शाळेच्या व्याकरणात कर्मणी प्रयोगाचे आहे. कर्त्याला ‘ने’ आहे, आणि क्रियापद कर्माच्या लिंगावचनाप्रमाणे चालते: तांदूळ घेतला, साखर घेतली, तूप घेतले. पण हे वाक्य ऐकून ‘बाईकडून तांदूळ घेतला गेला’ असे कोणाला वाटते का? कोणालाच नाही. बाई वाक्यात पूर्ण जोमाने हजर आहे, काम तीच करते आहे. मराठी कर्मणी वाक्याचे इंग्रजी पॅसिव्हमध्ये भाषांतर करणे जितके चुकीचे, तितकेच ‘बिनिली नाङ बाबाए आङ बिगास’चेही. फरक असा की मराठीत हा प्रयोग काळावर अवलंबून आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद आले की सहसा ‘ने’ येतोच, निवड नाही. टागालोगमध्ये जवळजवळ कोणत्याही काळात किंवा अवस्थेत रोख निवडता येतो. चाललेल्या क्रियेला बुमिबिली आणि बिनिबिली, व्हायच्या क्रियेला बिबिली आणि बिबिल्हिन.

पॅसिव्ह नसल्याचे पुरावे रोजच्या बोलण्यात सापडतात. एक पुरावा आज्ञार्थाचा. ‘बुमिली का नाङ बिगास’ म्हणजे तांदूळ घेऊन ये, थोडाफार, कुठलाही. ‘बिल्हिन मो आङ बिगास’ म्हणजे तो तांदूळ घेऊन ये, जो ठरला आहे. दुसरे वाक्य तथाकथित पॅसिव्हमध्ये आहे, आणि ते रोज घराघरांत बोलले जाते. इंग्रजीत त्याचे पॅसिव्ह केले तर ‘लेट द राइस बी बॉट बाय यू’ असे काहीतरी होईल, जे कोणी कोणाला म्हणत नाही. खरे भाषांतर ‘बाय द राइस’ एवढेच आहे, आणि पहिल्याचे ‘बाय सम राइस’.

दुसरा पुरावा ‘स्वतः’चा. ‘नाकिता निया आङ सारिली निया सा सालामिन’ म्हणजे त्याने स्वतःला आरशात पाहिले. येथे ‘सारिली’, म्हणजे स्वतः, ‘आङ’च्या मागे आहे, म्हणजे जे पाहिले गेले ते रोखात आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये याचे ‘हिमसेल्फ वॉज सीन बाय हिम’ होईल आणि इंग्रजी बोलणारा ते ऐकताच थबकेल. टागालोगमध्ये मात्र वाक्य सरळ आहे, कारण ‘नाङ’ लागलेला किंवा ‘निया’ या रूपातला करणारा कमी दर्जाचा होत नाही. ‘स्वतः’ कोण, हे अजूनही तोच ठरवतो. पॉल शाक्टर यांनी 1976 साली एका गाजलेल्या लेखात हाच मुद्दा लावून धरला होता. इतर भाषांत ज्याला आपण कर्ता म्हणतो त्याचे अधिकार टागालोगमध्ये दोघांत वाटले गेले आहेत. काही ‘आङ’वाल्याकडे, काही करणाऱ्याकडे.

तिसरा पुरावा आणखी साधा आहे. घरात कोणी विचारते, ‘नासाआन आङ इस्दा?’, मासा कुठे आहे? उत्तर येते, ‘किनाइन नाङ पुसा.’ मराठीत हे उत्तर अगदी तसेच निघते: ‘मांजराने खाल्ला.’ मासा हा शब्द दोन्ही भाषांत गाळता येतो. मराठीत ‘खाल्ला’मधला पुल्लिंगी प्रत्यय माशाकडे बोट दाखवतो, टागालोगमध्ये ‘किनाइन’मधला ‘इन’. इंग्रजीला मात्र रिकामी जागा चालत नाही, म्हणून ‘द कॅट एट इट’ असे म्हणावे लागते. ‘इट वॉज ईटन बाय द कॅट’ हे भाषांतर एखाद्या चौकशी अहवालात शोभेल, स्वयंपाकघरात नाही. आणि कोणी चुकून ‘कुमाइन आङ पुसा’ म्हटले, तर मांजर जेवले एवढेच कळेल. माशाचे काय झाले हा प्रश्न तसाच राहील.

पॅसिव्ह हे नाव टाकून दिल्यावर ‘फोकस’ हे नाव आले. पॉल शाक्टर आणि फे ओटानेस यांचे 1972चे टागालोग संदर्भ-व्याकरण हा या नावाचा सर्वांत मोठा आधार. तो ग्रंथ आजही अभ्यासकाच्या टेबलावर असतो. पण या नावातही एक सापळा आहे. ‘फोकस’ म्हटले की इंग्रजी वाचकाला ‘जोर’ आठवतो. म्हणून ‘बुमिली’ म्हणजे बाईवर जोर आणि ‘बिनिली’ म्हणजे तांदळावर जोर, असे समीकरण बनते. ते बरोबर नाही. ‘बिनिली नाङ बाबाए आङ बिगास’ हे शांतपणे सांगितलेले, कशावरच विशेष जोर नसलेले वाक्य असू शकते. तांदूळ ठाऊक आहे म्हणून रोख त्याच्याकडे आहे, एवढेच.

खरा जोर द्यायचा असेल तर टागालोग वाक्याची मांडणीच उलटी करते: आङ बाबाए आङ बुमिली नाङ बिगास. दोन ‘आङ’. शब्दशः, ज्या बाईने तांदूळ घेतला ती ही बाई. इंग्रजीत: ‘इट वॉज द वूमन हू बॉट द राइस’. मराठीत त्यासाठी एक ‘च’ पुरतो: ‘बाईनेच तांदूळ घेतला.’ या उलट्या मांडणीत ‘नाङ बिगास’ निश्चित तांदूळही असू शकतो, आणि वर सांगितलेला अनिश्चिततेचा नियम येथे सैल पडतो. भाषांतर करणाऱ्याने या ठिकाणी ‘द’ आणि ‘सम’ यांतली निवड संदर्भ पाहून करावी. क्रियापद त्याला येथे मदत करत नाही.

मग रोखाचे खरे काम कुठे दिसते? प्रश्नांत, आणि ‘जो-तो’च्या वाक्यांत. येथे टागालोगचा नियम कडक आहे. ज्याबद्दल विचारायचे किंवा ज्याचे वर्णन करायचे, ते क्रियापदाच्या रोखात असले पाहिजे. ‘सिनो आङ बुमिली नाङ बिगास?’, कोणी तांदूळ घेतला? ‘आनो आङ बिनिली नाङ बाबाए?’, बाईने काय घेतले? दुसऱ्या प्रश्नात क्रियापद न बदलता कोणी ‘आनो आङ बुमिली नाङ बाबाए?’ असे विचारले तर वाक्य मोडत नाही, पण त्याचा अर्थ होतो: बाई विकत घेणारी ही वस्तू कोणती? रोख चुकला की माणूसच माल होतो. इंग्रजीच्या सवयीने बोलणारा येथे हमखास अडखळतो, कारण इंग्रजीत ‘हू बॉट’ आणि ‘व्हॉट डिड द वूमन बाय’ या दोन्हींत क्रियापद मुळात एकच आहे.

वर्णनाच्या वाक्यांत मराठीशी केलेली तुलना फार बोलकी ठरते. ‘तांदूळ घेतलेली बाई’, ‘बाईने घेतलेला तांदूळ’ आणि ‘बाईने तांदूळ घेतलेले दुकान’ ही तिन्ही रूपे मराठी बोलण्यात चालतात. तिन्हींत धातुसाधित एकच आहे: घेतलेला. त्याचे लिंग पुढच्या नामाप्रमाणे बदलते, पण त्या नामाचा घेण्याशी काय संबंध, हे ‘घेतलेला’ सांगत नाही. ऐकणारा ते अंदाजाने समजून घेतो. टागालोग हा अंदाज ऐकणाऱ्यावर सोडत नाही. ‘आङ बाबाएङ बुमिली नाङ बिगास’, ‘आङ बिगास ना बिनिली नाङ बाबाए’, ‘आङ तिंदाहाङ बिनिल्हान नाङ बाबाए नाङ बिगास’, ‘आङ पेराङ इपिनाम्बिली नाङ बाबाए नाङ बिगास’. प्रत्येक वेळी क्रियापद वेगळे आहे आणि प्रत्येक क्रियापद सांगते की वर्णिलेली वस्तू करणारी आहे, घेतलेली आहे, जिथून घेतले ते ठिकाण आहे, की जिच्या बळावर घेतले ते साधन आहे. इंग्रजी हेच काम वाक्याच्या शेवटी ‘फ्रॉम’ किंवा ‘विथ’ लटकवून करते: ‘द स्टोअर द वूमन बॉट राइस फ्रॉम’. भाषांतर करताना इंग्रजी वाक्याच्या शेवटी असे एकटे पडलेले शब्द दिसले, तर मूळ टागालोग क्रियापदात बहुधा ‘आन’ किंवा ‘इपिनाम’ सापडेल.

संस्कृत शिकलेल्या वाचकाला ही सारी रचना अनोळखी वाटू नये. पाणिनीच्या व्याकरणात कारके आहेत: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. त्यात एक कल्पना अशी आहे की क्रियापदाने जे कारक आधीच सांगितले, म्हणजे जे ‘अभिहित’ झाले, त्याला स्वतःची खास विभक्ती लागत नाही. ते प्रथमेत राहते. विभक्ती लागते ती न सांगितलेल्या कारकांना. टागालोगचे ‘आङ’ म्हणजे हेच अभिहित कारक. संस्कृतात तिङन्त क्रियापद फक्त कर्त्यापर्यंत किंवा कर्मापर्यंत पोहोचते. कृदन्त मात्र पुढे जातात. ज्याला दान द्यायचे त्या विप्रालाच ‘दानीय’ म्हणतात, आणि वैयाकरण ते संप्रदान सांगणाऱ्या प्रत्ययाचे उदाहरण म्हणून देतात. संस्कृतने कृदन्तांपुरते केलेले हे काम टागालोगने मुख्य क्रियापदाच्या हाती दिले आहे. दोन भाषांचे कूळ एक नाही. टागालोग ऑस्ट्रोनेशियन कुळातली आहे, आणि तिच्या या प्रत्ययांची भावंडे तैवानच्या मूळ रहिवाशांच्या भाषांत आणि मादागास्करच्या मलागासीतही आढळतात. त्यामुळे येथे वारशाचा किंवा उसनवारीचा प्रश्न नाही. पण मराठी अभ्यासकाने इंग्रजीचे अॅक्टिव्ह-पॅसिव्ह विसरून कारकांच्या वाटेने आत शिरले, तर बरेच धुके आपोआप विरते.

एक अडचण मात्र कारकांच्या वाटेनेही सुटत नाही. वरच्या पाच वाक्यांवरून वाटेल की ‘इन’ म्हणजे कर्म, ‘आन’ म्हणजे स्थळ आणि ‘इ’ म्हणजे ज्याच्यासाठी तो. ‘बिली’ या धातूपुरते हे जवळपास खरे आहे, सगळ्या धातूंना लागू नाही. ‘हुगास’ म्हणजे धुणे. ताट धुतले तर ‘हिनुगासान आङ पिंगान’ म्हणायचे. प्रत्यय ‘आन’ आहे, पण ताट हे येथे स्थळ नसून धुतलेली वस्तूच आहे. कचरा फेकला तर ‘इतिनापोन आङ बासुरा’, आणि येथे ‘इ’ कचऱ्याला रोखात आणतो, कारण हातातून दूर जाणाऱ्या वस्तूंना टागालोग सहसा ‘इ’ लावते. ज्या वस्तूचा फक्त पृष्ठभाग बदलतो तिला पुष्कळदा ‘आन’, जी क्रियेने पुरती बदलते किंवा हस्तगत होते तिला ‘इन’ आणि जी दूर सरकते तिला ‘इ’, असा एक उपयोगी अंदाज बांधता येतो. तो अंदाजच आहे. प्रत्येक धातू आपल्या रूपांसह पाठ करावा लागतो, आणि चांगला शिक्षक ‘बिली’ शिकवताना पाचही रूपे एकदम फळ्यावर लिहितो.

‘देणे’ या क्रियेत हा फरक इंग्रजीतही स्वच्छ उतरतो. ‘इबिनिगाय को आङ लिब्रो सा बाता’: ‘आय गेव्ह द बुक टू द चाइल्ड’. ‘बिनिग्यान को नाङ लिब्रो आङ बाता’: ‘आय गेव्ह द चाइल्ड अ बुक’. पहिल्यात हातातून सुटणारे पुस्तक ‘इ’ने रोखात आले, दुसऱ्यात पुस्तक जिथे पोहोचले ते मूल ‘आन’ने. मराठीत ‘मी पुस्तक मुलाला दिले’ आणि ‘मी मुलाला पुस्तक दिले’. येथे तिन्ही भाषा जवळजवळ एकमेकींच्या शेजारी उभ्या राहतात. नवशिक्याने रोखाचा सराव सुरू करायला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही, कारण या एका ठिकाणी इंग्रजी भाषांतर फारसे काही लपवत नाही.

आणि टागालोगमध्येच एक रूप असे आहे जिथे ही सारी व्यवस्था बाजूला ठेवली जाते. एखादी गोष्ट नुकतीच झाली असे सांगायचे असेल तर धातूचे पहिले अक्षर दुप्पट करून आधी ‘का’ लावतात: ‘काबिबिली को लाङ नाङ बिगास’, मी आत्ताच तांदूळ घेतला. करणारा ‘को’, तोही रोखाबाहेरच्या रूपात. तांदळालाही ‘नाङ’. वाक्यात कुठेच ‘आङ’ नाही, क्रियापदाचा रोख कोणाकडेच नाही. तांदूळ ठरलेला होता की कुठलाही, हे क्रियापद सांगत नाही. म्हणून इंग्रजीत ‘आय जस्ट बॉट राइस’ लिहायचे की ‘आय जस्ट बॉट द राइस’, याचा निर्णय भाषांतर करणाऱ्याला आधीच्या संभाषणातून शोधावा लागतो.